सात शिट्ट्या

मटण शिजायला किती वेळ लागतो, असं कुणी विचारलं की काकूंचं उत्तर ठरलेलं असायचं, "सात शिट्ट्या." अकरा वर्षं त्या वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर सांभाळत होत्या आणि अकरा वर्षं हेच सांगत होत्या. दर बुधवारी दुपारी त्यांचं मटण असं व्हायचं की ज्यांच्या तोंडात दातांची वानवा होती तेही हाडं चोखून ताटाच्या कडेला लावून ठेवायचे. उत्तर मात्र खोटं होतं. गंमत अशी की ते खोटं आहे हे खुद्द काकूंनाच ठाऊक नव्हतं, आणि त्यापायी त्या अशा अडकल्या की सुटता सुटेनात.

अडकण्याची सुरुवात झाली मागच्या वर्षी. भाच्याच्या लग्नाला म्हणून त्या चार दिवस गेल्या आणि बदली एक आचारी आला. हॉटेलात मुरलेला गडी, हाताला चांगलाच झपाटा. त्याच्या मटणाचा रंग असा की बघत राहावं, वर तेलाचा तवंग, वास तर गेटपर्यंत. फक्त ते चावता येत नव्हतं. मास्तरांनी, म्हणजे आश्रमातल्या सगळ्यांत वयस्क आणि सगळ्यांत खवय्या माणसाने, आपल्या उरलेल्या चार दातांनी एका तुकड्याशी झुंज दिली, मग कंटाळून तो तसाच गिळला. तुकडा घशात अडकला. माणूस निळा पडला. सिस्टरने मागून पाठीत असे काही दणके दिले की तुकडा बाहेर उडाला आणि मास्तर वाचले. पण त्या दिवसापासून मॅनेजरने कानाला खडा लावला.

"काकू, तुमची रजा मी नाकारत नाही," तो म्हणायचा. तसा वाईट नव्हता माणूस, घाबरट होता. "तुमच्यासारखं मऊ करणारं कुणी आणा, मास्तरांनी खाऊन दाखवलं की त्याच दिवशी सही करतो."

"मग बुधवारचं मटणच बंद करा की."

"तेही करून बघितलं ना? दोन बुधवार. सगळे जेवायलाच उठले नाहीत."

म्हणजे धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. काकूंचा रजेचा अर्ज मॅनेजरच्या टेबलावर काचेच्या गोळ्याखाली पडून होता. रोज सकाळी चहा द्यायला गेल्या की त्यांना तो दिसायचा. सहीशिवाय गेलं तर नोकरी जाणार, आणि घर त्या नोकरीवरच चालत होतं.

एरवी काकूंनी हे हसण्यावारी नेलं असतं. पण लेकीला आठवा महिना सरत आला होता. पहिलंच बाळंतपण, नवरा बोटीवर नोकरीला, सासरी म्हणावं असं कुणी नाही. वार खाली आहे म्हणून डॉक्टरांनी पोट उघडूनच बाळ काढायचं ठरवलेलं. लेक राहायची तिथे पोचायला बसने पुरा एक दिवस लागायचा. आणि काकू इथे, अशा स्वयंपाकघरात की ज्याला एकच खिडकी, खिडकीला गज आणि गजांपलीकडे हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. विसराळू म्हातारी माणसं बाहेर भटकू नयेत म्हणून आश्रमाच्या गेटला दिवसभर कुलूप असायचं. काकूंनाही घरी जाताना हाक मारावी लागायची, "भाऊ, कुलूप काढा." अकरा वर्षांत त्यात त्यांना काही वावगं वाटलं नव्हतं. आता मात्र रोज संध्याकाळी ते कुलूप उघडेपर्यंत त्यांचा जीव गुदमरायचा.

तीन आचारी येऊन गेले. एकालाही जमलं नाही. शेवटी अडला हरी म्हणतात तशी काकूंनी आपल्या नणंदेला गळ घातली.

नणंदबाई चार महिन्यांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून पिशवी घेऊन आल्या होत्या आणि काकूंच्या एका खोलीत मुक्काम ठोकून होत्या. भाऊ वारला तरी भावाचं घर आहे, एवढं एकच वाक्य त्या आल्या दिवशी बोलल्या होत्या. बाई सढळ हाताची, सढळ तोंडाची. कुठलीही गोष्ट सांगायला गेलं की, "माहीत आहे मला," हे उत्तर वाक्य संपायच्या आत यायचं. मटणाचं काढताच त्या म्हणाल्या, "त्यात काय एवढं? सात शिट्ट्या. आईचं प्रमाण. तुम्हालाही तिनेच शिकवलंय ना, वहिनी?"

शिकवलं होतं खरं. काकूंच्या सासूबाई म्हणजे नणंदबाईंची आई. एकाच गुरूच्या दोन चेल्या, मग घोडं अडावं कशाला?

पण अडलं. मॅनेजरची अट अशी की परीक्षेच्या दिवशी काकूंनी स्टुलावर बसायचं, हात लावायचा नाही, तोंड उघडायचं नाही. "तुम्ही नसताना काय होईल ते मला बघायचंय," तो म्हणाला. पहिल्या बुधवारी नणंदबाईंनी पदर खोचला, मोठा कुकर मोठ्या शेगडीवर चढवला आणि खालचा जाळ पूर्ण सोडला. पहिली शिट्टी झाली. काकूंचा उजवा हात मांडीवरून आपोआप उचलला गेला आणि हवेतच बटण फिरवल्यासारखा फिरला. नणंदबाईंनी मात्र बटणाला हात लावला नाही. दुसरी शिट्टी, तिसरी, चौथी, कुकर नुसता बोंबलत होता. दहा मिनिटांत सात पुऱ्या झाल्या. नणंदबाईंनी गॅस बंद केला, चमच्याने शिट्टी उचलून वाफ फुसकन सोडून दिली आणि झाकण उघडलं. तुकडे आकसून लहान आणि घट्ट झालेले. मास्तरांनी एक तोंडात घातला, दोन मिनिटं या गालातून त्या गालात फिरवला आणि हळूच रुमालात काढून ठेवला.

"ही चपलेची वादी आहे," ते म्हणाले.

काकूंना त्या क्षणी बरं वाटलं. खरं ते सांगायला हवं. त्यांच्या छातीत काहीतरी सुखावलं, की बघा, कुणालाही जमत नाही. आणि पाठोपाठ लेक आठवली आणि स्वतःची अशी लाज वाटली की त्या उठून मोरीत गेल्या आणि उगाच दोन भांडी घासत बसल्या. गॅस मोठा राहिलाय हे त्यांना दिसलं होतं. तोंड उघडायचं नाही ही मॅनेजरची अट होती, पण घरी गेल्यावर तोंड उघडायला कुणाची मनाई होती? घरी गेल्यावरही त्या बोलल्या नाहीत. नणंदबाईंनी विचारलं, "काय चुकलं हो वहिनी?" तर म्हणाल्या, "जनावर जून असेल."

जून जनावर म्हटल्यावर नणंदबाईंनी दुसऱ्या बुधवारसाठी जालीम उपाय काढला. मंगळवारी संध्याकाळीच मांसाला कच्च्या पपईचा कीस चोपडला, तोही भरभक्कम, आणि सकाळपर्यंत तसंच ठेवलं. काकूंनी सकाळी पातेल्यावरचं झाकण काढून बघितलं. वरून मांस बुळबुळीत, बोट लावलं तर पिठासारखं सुटणारं. पपई वरवरचंच खाते, आत शिरत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. चिमूटभर लावावी, तासाभरात चढवावं. त्यांनी झाकण परत ठेवलं आणि स्टुलावर जाऊन बसल्या. दुपारी ताटात जे आलं ते बाहेरून लापशी आणि आतून दोरा. मास्तरांनी एकच घास घेतला.

"आज चपलेला चिखल लागलाय," ते म्हणाले, आणि सगळे हसले. नणंदबाई सोडून.

त्या संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"आई, शनिवार ठरलाय. पुढचा नाही, त्याच्या पुढचा. सकाळी आठला घेणार."

"येते मी."

"नक्की ना? शेजारच्या काकू म्हणाल्यात त्या थांबतील. तुला नाही जमलं तर राहू दे, आई."

हे "राहू दे" लेकीने इतक्या समजूतदार आवाजात म्हटलं की काकूंना ते सहन झालं नाही. ती लहानपणी अशी बोलायची ती फक्त एकाच वेळी, आई येणार नाही अशी खात्री झाली की. काकूंनी फोन ठेवला आणि पलंगाच्या कडेवर बसून राहिल्या. नणंदबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, पण झोपल्या नव्हत्या.

"वन्सं," काकू म्हणाल्या, "रविवारी अर्धा किलो आणते. घरी करू. सगळं दाखवते."

"आता दाखवता?" भिंतीकडूनच आवाज आला.

"आता दाखवते."

रविवारी सकाळी काकू स्वतः खाटकाकडे गेल्या आणि नणंदबाईंना बरोबर नेलं. "खांदा घ्या, मान घ्या, नळी घ्या," त्या शिकवत होत्या. "जो भाग जनावर चालताना वापरतं तो कडक असतो, हे खरं. पण त्याच्यात या पांढऱ्या शिरा असतात बघा. त्या विरघळल्या की मांस लोण्यासारखं होतं. मांडीचं दिसायला देखणं, पण जास्त शिजवलं की भुसा होतो."

"माहीत आहे मला," नणंदबाई म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "नव्हतं माहीत. पुढे सांगा."

घरी दही, मीठ, हळद लावून तास-दीड तास ठेवलं. मीठ आत मुरलं की मांस शिजताना पाणी धरून ठेवतं, दही नुसतं वरून हात फिरवतं, काकूंनी सांगितलं. मग कांद्यावर परतलं, गरम पाणी घातलं, कुकर लावला. आणि इथे नणंदबाईंनी एक शहाणपणा केला, त्या घड्याळ घेऊन समोर बसल्या.

शिट्टी झाली. काकूंनी गॅस बारीक केला आणि तांदळाचं ताट मांडीवर घेतलं.

"हे काय केलंत?"

"गॅस बारीक केला."

"का?"

"करतात. पहिलीनंतर बारीक करतात." काकू खडे वेचत राहिल्या. आश्रमात बावीस माणसांचे तांदूळ निवडायचे, घरी दोघींचे, पण हात त्याच सवयीने सावकाश चालत होता. ताटातले दाणे संपले तरी त्यांनी ते पुन्हा पसरले आणि पुन्हा निवडले. कुकर मंद फुरफुरत होता. अधूनमधून शिट्टी हलायची, थोडी वाफ सोडायची आणि गप्प बसायची. बऱ्याच वेळाने आणखी एकदा वाजली. तेवढ्यात काकूंनी ताट खाली ठेवलं आणि गॅस बंद केला.

"झालं," त्या म्हणाल्या.

नणंदबाईंनी घड्याळाकडे बघितलं, मग काकूंकडे. "वहिनी, किती शिट्ट्या झाल्या?"

"सात."

"दोन."

"असं कसं होईल? सातच करते मी."

"दोन झाल्या. मी मोजल्या. आणि पहिलीपासून सत्तावीस मिनिटं झाली."

काकू हसल्या, मग हसू थांबलं. त्यांनी मनातल्या मनात आश्रमातला एखादा बुधवार आठवून बघितला. पहिली शिट्टी आठवत होती. त्यानंतर तांदूळ निवडणं आठवत होतं. तिसरी, चौथी, पाचवी कधी ऐकल्याचं आठवेना. अकरा वर्षं त्यांनी शिट्ट्या मोजल्याच नव्हत्या. तांदूळ निवडून झाले की मटण झालेलं असायचं आणि तोंडाने त्या सासूचं वाक्य म्हणत राहिल्या होत्या.

"मग आई सात का म्हणायची?" नणंदबाईंनी विचारलं, आणि त्यांचं त्यांनाच उत्तर सापडलं. "तिचा कुकर! त्या कुकरची रबरी कडी गळकी नव्हती का? बाजूने सारखी वाफ जायची. आणि खाली स्टोव्ह, तोही रडका. एकेक शिट्टी व्हायला चार-चार मिनिटं लागायची, वहिनी! सात शिट्ट्या म्हणजे अर्धा तास!"

"आणि आश्रमातल्या शेगडीवर सात म्हणजे दहा मिनिटं."

"शिट्टी म्हणजे काय, आत दाब जास्त झाला म्हणून तो ओरडतो. मांसाला त्याच्या ओरडण्याशी काय घेणं? आत वाफ कोंडलेली राहिली, वेळ मिळाला, की झालं."

दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या की शेजारणीने भिंतीवर थाप मारली. आईच्या एका वाक्यावर दोघींनी आयुष्य काढलं होतं, एकीने ते मोडून, एकीने ते पाळून. पाळणारीचंच मटण बिघडलं होतं.

कुकर आपोआप थंड झाल्याशिवाय काकूंनी झाकणाला हात लावू दिला नाही. "एकदम वाफ सोडली की आतलं पाणी खदखदतं, तुकड्यातला रसही बाहेर येतो. मांस आधी आकसतं, पिळलेल्या धुण्यासारखं. त्या वेळी उघडलं की वाटतं बिघडलं. बिघडलेलं नसतं, अर्धवट असतं. धीर धरायचा." मग उघडल्यावर त्यांनी रश्शात बोट बुडवून अंगठ्याला लावलं. बोटं किंचित चिकटली. "हे बघा. शिरा उतरल्या. चिकटलं की समजायचं मास्तर खातील."

तिसरा बुधवार उजाडला. दुसऱ्या दिवशी सकाळची बस, शनिवारी आठला लेक टेबलावर. काकू स्टुलावर बसल्या आणि नणंदबाई ओट्याशी उभ्या राहिल्या.

आणि दुष्काळात तेरावा महिना तसं झालं. पिशवी उघडली तर निम्मं मटण मांडीचं. मॅनेजर दारात हसत उभा. "मीच सांगितलं खाटकाला. म्हटलं आज परीक्षा आहे, चांगलं, बिनचरबीचं द्या. तुम्हाला सोपं जाईल."

काकूंनी ओठ दाताखाली धरले. खांद्याइतकं शिजवलं तर मांडीचा भुसा होणार, मांडीइतकं शिजवलं तर खांदा वादीसारखा राहणार. सांगायचं तर तोंड उघडायची बंदी, आणि या वेळी गप्प बसण्यात त्यांना काडीचंही सुख नव्हतं. त्यांनी नणंदबाईंच्या पाठीकडे बघितलं. ती पाठ जराशी वाकली होती, मग सरळ झाली.

नणंदबाईंनी दोन पातेली घेतली. खांदा, मान, नळी एकात. मांडी दुसऱ्यात, तीही तशीच नाही, सुरी घेऊन धाग्याला आडवी, लहान लहान कापली. दोन्हीला मीठ-दही लावलं. तासाने पहिलं पातेलं कुकरमध्ये, दुसरं तसंच झाकून बाजूला. शिट्टी झाल्याबरोबर गॅस बारीक. घड्याळ लावलं. पंधरा मिनिटांनी बंद करून थांबल्या, दाब उतरल्यावर झाकण काढलं आणि मग त्याच रश्शात मांडीचे तुकडे सोडले. पुन्हा झाकण, पुन्हा शिट्टी, पुन्हा पंधरा मिनिटं.

हे काकूंनी शिकवलं नव्हतं. त्यांनी स्वतः असं कधी केलं नसतं, मांडी परत पाठवली असती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते कांद्यावर ढकललं, जरी कांदा कधीच परतून झाला होता.

जेवणाची घंटा सव्वाबाराला. सव्वाबारा झाले, कुकर अजून गरम. बाहेर खुर्च्या सरकल्याचे आवाज येऊ लागले. मॅनेजर आत आला.

"उचला ना ती शिट्टी."

"नाही," नणंदबाई म्हणाल्या.

"माणसं भुकेली आहेत."

"माणसांना सांगा, भूक लागली की चव येते."

बारा पंचवीसला झाकण निघालं. नणंदबाईंनी बोट रश्शात बुडवलं, अंगठ्याला लावलं आणि काकूंकडे वळून न बोलता दोन्ही बोटं दाखवली. काकूंना एवढ्या अंतरावरूनही दिसलं की ती चिकटत होती.

जेवणघरात मास्तरांना नेहमीच्या जागी, खिडकीशी वाढलं. मॅनेजर शेजारी उभा, सिस्टर मागे उभी. काकू दाराच्या चौकटीला टेकल्या. मास्तर जेवले. घास घेतला, मान हलवली, दुसरा घेतला, भात कालवला. त्यांचं तोंड शांतपणे हलत होतं. बाकी टेबलांवरून बोलण्याचा आवाज हळूहळू बंद झाला होता, आणि जेवताना बोलणं बंद होणं म्हणजे काय ते काकूंना अकरा वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं.

"कसं आहे, मास्तर?" मॅनेजरने विचारलं.

मास्तर पाणी प्यायले. त्यांनी रुमालाने मिशा पुसल्या. काकूंकडे बघितलं नाही.

"कडक," ते म्हणाले.

"कडक?"

"मला चावता आलं नाही. काकूंसारखं नाही."

मॅनेजरने खांदे उडवले. त्यालाही वाईट वाटलं असावं, कारण तो स्वतःच्या पायांकडे बघत म्हणाला, "पुढच्या बुधवारी बघू."

पुढचा बुधवार शनिवारच्या पलीकडे होता. नणंदबाई स्वयंपाकघराच्या दारात हातातला डाव तसाच धरून उभ्या होत्या.

मग काकूंना मास्तरांचं ताट दिसलं. भात संपलेला. ताटाच्या कडेला चार हाडं एका रांगेत, पांढरी, स्वच्छ, एवढासा धागाही न लागलेली. नळी तर आतून चोखून रिकामी केलेली. ज्याला चावता आलं नाही त्याने हाडं इतकी साफ कशी केली? हाताच्या काकणाला आरसा कशाला. ताट उचलून मॅनेजरच्या नाकाखाली धरलं असतं की काम झालं असतं, सगळ्यांसमोर म्हातारा खोटा पडला असता आणि त्या मोकळ्या झाल्या असत्या.

त्या पुढे गेल्या. ताटाकडे हातही गेला. तेवढ्यात त्यांनी मास्तरांचा हात बघितला. त्याने टेबलाचा काठ घट्ट धरून ठेवला होता. त्या दिवशी निळा पडलेला चेहरा काकूंनी पाहिला नव्हता, त्या लग्नाला गेल्या होत्या. त्यांनी फक्त ऐकलं होतं. मास्तरांनी ते भोगलं होतं. काकू गेल्या की तुकडा अडकतो, एवढंच त्या माणसाला आयुष्याच्या शेवटी समजलेलं होतं.

काकूंनी हात मागे घेतला आणि शेजारची खुर्ची ओढून बसल्या. जेवणाऱ्यांसमोर त्या कधीच बसल्या नव्हत्या.

"साहेब," त्या मॅनेजरला म्हणाल्या, "मला एक सांगायचंय. पहिल्या बुधवारी वन्संनी गॅस मोठा ठेवला ते मला दिसत होतं. दुसऱ्या बुधवारी पपई जास्त झाली तेही दिसलं होतं. मी सांगितलं नाही. तुमच्या अटीमुळे नाही, घरी सांगता आलं असतं. मला वाटत होतं, हिला जमू नये. माझ्यावाचून इथलं पान हलू नये असं मला वाटत होतं. लेक तिकडे एकटी असताना वाटत होतं." त्यांनी नणंदबाईंकडे बघितलं. "चुकले मी, वन्सं."

एका आजीबाईंनी तेवढ्यात आणखी रस्सा मागितला, त्यांना कमी ऐकू यायचं.

नणंदबाईंच्या चेहऱ्यावर राग आला, तो राहिला, आणि मग त्यांनी डाव दुसऱ्या हातात घेतला. "मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "जनावर दोन्ही वेळा जून कसं निघेल?" आणि त्या आजीबाईंना रस्सा वाढायला गेल्या.

मास्तर खाली बघत होते. शेवटी त्यांनी टेबलाचा काठ सोडला. मग एका बोटाने ताट ढकललं, थोडं, आणखी थोडं, मॅनेजरच्या पुढ्यात येईपर्यंत.

"हाडं बघा," ते म्हणाले.

मॅनेजरने हाडं बघितली. सिस्टरने बघितली. कुणीतरी मागे हसलं आणि लगेच थांबलं. मॅनेजर खिसे चाचपू लागला, पेन सापडलं आणि अर्ज आणायला तो ऑफिसकडे गेला.

काकू उठल्या नाहीत. मास्तरांनी त्यांच्याकडे आता पहिल्यांदा नीट बघितलं.

"मऊ होतं," ते म्हणाले. "तुझ्याइतकंच. मांडीचं तर जरा जास्तच."

"हो."

"पण पुढच्या बुधवारी पहिला घास घेताना मी घाबरणारच आहे. त्याला इलाज नाही."

काकूंना लवकर येते असं म्हणावंसं वाटलं, पण आज आणखी एक खोटं बोलायची त्यांची तयारी नव्हती.

"तू जा," मास्तर म्हणाले. "मी घाबरत घाबरत जेवीन."